आधी भागून घ्या: अंशाची कोटी मोठी असलेल्या इंटिग्रेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात मी बारावीच्या मुलांना गणित शिकवते. इंटिग्रेशनचा धडा सुरू झाला की ऐरोली-घणसोलीकडे परतणारी मुलं लोकलमधूनच वहीचे फोटो पाठवायला लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंचं दुखणं एकच असतं: पार्शल फ्रॅक्शन सुंदर मांडलंय, पण त्याआधी भागून घ्यायचं राहिलंय. त्यावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, साधारण मुलं विचारतात त्याच शब्दांत. log म्हणजे बोर्डाच्या पुस्तकात असतो तोच, e पाया असलेला. C म्हणजे स्थिरांक.

मॅडम, भागून घ्यायचं नेमकं कधी?

अंश आणि छेद दोन्ही बहुपदी असतील, आणि अंशाची कोटी छेदाच्या कोटीएवढी किंवा त्याहून जास्त असेल, तेव्हा. जास्त असली की मुलांच्या लक्षात येतं, विसरतात ती समान असताना. (x² + 1)/(x² − 1) पाहिलं की वाटतं, वर खाली दोन्हीकडे x² आहे, काही बिघडलेलं नाही. पण इथेही भागायचं आहे.

ठाणे स्टेशनबाहेर १७ माणसं शेअर रिक्षाच्या रांगेत आहेत आणि एका रिक्षात तिघं बसतात, तर पाच रिक्षा भरून जातात आणि दोघं उरतात. 17/3 चे 5 पूर्णांक 2/3 करताना आपण हेच करतो. बहुपदींमध्ये 'उरलेले रिक्षात मावणाऱ्यांपेक्षा कमी' याऐवजी 'बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी' एवढाच फरक. अंशाधिक अपूर्णांकातून पूर्ण भाग वेगळा काढायचा, आणि मग उरलेल्या छेदाधिक अपूर्णांकाचं पार्शल फ्रॅक्शन करायचं.

मी न भागता थेट A आणि B काढले. कुठेही अडलं नाही, किमती व्यवस्थित आल्या. मग चुकलं काय?

हाच या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश बघू. समजा गणित असं आहे:

∫ x² / ((x − 1)(x − 2)) dx

मुलगा लिहितो, x² / ((x − 1)(x − 2)) = A/(x − 1) + B/(x − 2). दोन्ही बाजूंना छेदाने गुणून x² = A(x − 2) + B(x − 1). आता x = 1 ठेवला तर 1 = −A, म्हणजे A = −1. x = 2 ठेवला तर B = 4. उत्तर तयार:

−log|x − 1| + 4 log|x − 2| + C

कुठेही भागिले शून्य आलं नाही, किमती पूर्णांकात आल्या, वही स्वच्छ. तरी उत्तर चूक आहे. पडताळायला मूळ अपूर्णांकात x = 0 ठेवा. वर 0, खाली 2, म्हणजे किंमत 0. आता तुमच्या दोन तुकड्यांत x = 0 ठेवा: −1/(−1) + 4/(−2) = 1 − 2 = −1. एक 0 आणि दुसरा −1, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीतच. 1 कुठेतरी गळला आहे.

तो कुठे गळला? x² ला (x − 1)(x − 2) म्हणजे x² − 3x + 2 ने भागा. भाग 1 चा जातो आणि बाकी 3x − 2 उरते. खरं समीकरण असं आहे:

x² / ((x − 1)(x − 2)) = 1 − 1/(x − 1) + 4/(x − 2)

आणि खरं उत्तर x − log|x − 1| + 4 log|x − 2| + C. तुमच्या उत्तरात फक्त सुरुवातीचा x नाही. बाकी सगळं बरोबर आहे, म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते.

निश्चित इंटिग्रल असेल तर ती आकड्यांतही पकडता येते. 3 ते 4 या मर्यादा घ्या. खरं उत्तर 1 − log(3/2) + 4 log 2, म्हणजे साधारण 3.37. न भागता आलेलं साधारण 2.37. आता नुसत्या फलाकडे बघा: x = 3 ला त्याची किंमत 9/2 म्हणजे 4.5, x = 4 ला 16/6 म्हणजे साधारण 2.67, आणि मधल्या भागात ते सतत उतरतं आहे. अंतराची लांबी 1 आहे, त्यामुळे क्षेत्रफळ 2.67 आणि 4.5 च्या मध्येच हवं. 2.37 येऊच शकत नाही.

मग पद्धतीने इशारा का दिला नाही?

तुम्ही x च्या सोयीच्या किमती ठेवल्या म्हणून. सहगुणकांची तुलना केली असती तर लगेच आरडाओरडा झाला असता. x² = A(x − 2) + B(x − 1) यात डावीकडे x² चा सहगुणक 1 आहे आणि उजवीकडे x² चं पदच नाही. म्हणजे 1 = 0. असं आलं की समजायचं, मांडणीच चुकली.

छेदाची मुळं ठेवण्याची रीत झटपट आहे, मी स्वतः तीच शिकवते. पण ती समीकरणाकडे दोनच बिंदूंवर बघते. त्या दोन बिंदूंवर दोन्ही बाजू जुळतात, इतर ठिकाणी जुळत नाहीत, आणि इतर ठिकाणी आपण पाहिलेलंच नसतं. म्हणून माझा आग्रह असतो की A, B काढल्यावर x = 0 ठेवून एकदा ताळा घ्या. तोंडी होतो, पेन उचलावं लागत नाही.

पण मॅडम, भागलं तरी A = −1, B = 4 आणि न भागता पण तेच. हा योगायोग?

योगायोग नाही. नववीत लिहिलेलं वाक्य आठवा: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. इथे भाजक म्हणजे आपला छेद. x = 1 ठेवला की छेद शून्य होतो, त्याच्याबरोबर 'भाजक × भागाकार' हे अख्खं पद शून्य होतं, आणि भाज्य व बाकी यांची किंमत सारखीच उरते. x² ची 1 ला किंमत 1, आणि 3x − 2 ची 1 ला किंमतही 1. तसंच 2 ला दोन्हींची किंमत 4. A आणि B फक्त याच किमतींवर ठरतात, म्हणून दोन्ही रीतींनी तेच येतात.

यातून दोन गोष्टी मिळतात. पहिली, छेदाचे सगळे अवयव रेषीय आणि वेगवेगळे असतील तर थेट काढलेले A, B, … बरोबरच असतात. गळतो तो फक्त भागाकार, पूर्णच्या पूर्ण. दुसरी, ही सवलत तिथेच संपते. अवयव पुन्हा आला, म्हणजे वर्ग किंवा घन असला, की सगळं बिघडतं.

x³/(x + 1)² घ्या आणि न भागता लिहा: x³ = A(x + 1) + B. x = −1 ठेवून B = −1 मिळतं आणि ते बरोबर आहे. आता A साठी आणखी एक किंमत ठेवावी लागते. x = 0 ठेवलात तर A = 1. x = 3 ठेवलात तर 27 = 4A − 1, म्हणजे A = 7. वर्गात शेजारी बसलेल्या दोघांना दोन वेगळी उत्तरं येतात आणि दोघंही आपापल्या जागी ठाम असतात. खरी किंमत 3 आहे. गंमत म्हणजे x = 2 ठेवणाऱ्याला 8 = 3A − 1 वरून बरोबर 3 मिळते, कारण इथला भागाकार x − 2 आहे आणि तो नेमका 2 ला शून्य होतो. कोणती किंमत ठेवली यावर A बदलत असेल तर भागायचं राहिलंय हे नक्की.

एक गणित पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

∫ (2x³ − 3x + 5) / (x² − x − 2) dx

वरची कोटी 3, खालची 2, म्हणून भागायचं. अंशात x² चं पद नाही, त्याची जागा 0x² लिहून राखून ठेवा. नववीत बहुपदी सहगुणक रूपात लिहिताना गैरहजर पदासाठी शून्य लिहायला लावतात, ते इथे कामाला येतं. ही जागा राखली नाही तर −2x² हे −3x च्या खाली जाऊन बसतं आणि वेगवेगळ्या घातांची पदं एकमेकांतून वजा होतात.

```
                2x  + 2
x² − x − 2 )  2x³ + 0x² − 3x + 5
              2x³ − 2x² − 4x
              ------------------
                    2x² +  x + 5
                    2x² − 2x − 4
                    ------------
                          3x + 9
```

पहिल्या पायरीत 2x³ ला x² ने भागून 2x. त्याने अख्ख्या भाजकाला गुणून खाली लिहिलं आणि वजा केलं. वजा करताना खालच्या ओळीची सगळी चिन्हं उलटतात: 0x² मधून −2x² गेले की +2x², आणि −3x मधून −4x गेले की +x. इथे −7x लिहिणारे दरवर्षी भेटतात. मग 2x² ला x² ने भागून 2, पुन्हा गुणून वजा, बाकी 3x + 9. बाकीची कोटी 1 झाली, भाजकाची 2 आहे, इथे थांबायचं.

आता छेदाचे अवयव (x − 2)(x + 1). फक्त बाकीचं पार्शल फ्रॅक्शन करा:

(3x + 9) / ((x − 2)(x + 1)) = A/(x − 2) + B/(x + 1)

x = 2 ला 15 = 3A, म्हणून A = 5. x = −1 ला 6 = −3B, म्हणून B = −2. सगळं एकत्र लिहिल्यावर इंटिग्रल असं होतं:

∫ [ 2x + 2 + 5/(x − 2) − 2/(x + 1) ] dx = x² + 2x + 5 log|x − 2| − 2 log|x + 1| + C

x = 0 चा ताळा: मुळात 5/(−2) = −2.5. तुकड्यांत 2 + 5/(−2) − 2/1 = 2 − 2.5 − 2 = −2.5. जुळलं.

एक सूचना, कारण हे पेपरातही घडतं: भागाकार 2x + 2 हा बाजूला काढला की काही मुलं लॉगच्या नादात त्याला विसरतात, किंवा शेवटच्या ओळीत तो 2x + 2 असाच, इंटिग्रेट न करता चिकटवतात. म्हणून भागून झाल्यावर लगेच पूर्ण इंटिग्रल पुन्हा एका ओळीत लिहा, आणि पार्शल फ्रॅक्शनचं काम त्याच्या खाली करा.

भागताना चूक झाली हे पुढे जाण्याआधी कसं कळेल?

वर सांगितलेलाच गुण वापरा: छेदाच्या मुळांवर भाज्य आणि बाकी यांच्या किमती सारख्या हव्यात. वरच्या गणितात x = 2 ला अंश 16 − 6 + 5 = 15 आणि बाकी 6 + 9 = 15. x = −1 ला अंश −2 + 3 + 5 = 6, बाकी −3 + 9 = 6. ज्याने −7x लिहिलं त्याची बाकी −5x + 9 येते, आणि तिची 2 ला किंमत −1. पंधरा आणि वजा एक यांत गल्लत होणं शक्य नाही.

मात्र या ताळ्यात भागाकाराची किंमत कुठेच येत नाही. बाकी बरोबर उतरली आणि वर भागाकार लिहिताना 2x + 2 चं 2x − 2 झालं, तर हा ताळा काही बोलणार नाही. ते x = 0 च्या ताळ्यात कळतं. म्हणून दोन्ही घ्या.

लांबलचक भागाकार न मांडता काम होतं का? क्लासमध्ये सर अंशात काहीतरी मिळवतात आणि वजा करतात.

होतं, आणि सोप्या गणितांत मीही तसंच करते. नववीच्या पुस्तकातली रेषीय पद्धत तीच. अंशात छेद 'दिसेल' अशी मांडणी करायची. x/(x + 3) मध्ये x = (x + 3) − 3, म्हणून 1 − 3/(x + 3). आणि x⁴/(x² + 1) मध्ये x⁴ = (x⁴ − 1) + 1, त्यातलं x⁴ − 1 = (x² − 1)(x² + 1), म्हणून

x⁴/(x² + 1) = x² − 1 + 1/(x² + 1)

इंटिग्रल x³/3 − x + tan⁻¹x + C. इथे छेदाचे वास्तव अवयव पडत नाहीत, त्यामुळे x ची किंमत ठेवून A काढण्याचा मोह होण्याचा प्रश्नच नाही. पण न भागता अडून बसलेले मात्र पुष्कळ पाहिलेत.

याच छेदाचं एक देखणं गणित आहे. 0 ते 1 मर्यादेत

∫ x⁴(1 − x)⁴ / (1 + x²) dx

डी. पी. डॅलझेल या गणितज्ञाने १९४४ मध्ये ते प्रसिद्ध केलं होतं, आणि २०१० च्या आयआयटी-जेईईत ते पर्यायांसकट विचारलं गेलं. अंशाची कोटी 8, छेदाची 2. इथे मिळवा-वजा करत बसलात तर हरवाल, सरळ भागा. अंश उघडला की x⁸ − 4x⁷ + 6x⁶ − 4x⁵ + x⁴ होतो, आणि भागून

x⁶ − 4x⁵ + 5x⁴ − 4x² + 4 − 4/(1 + x²)

मर्यादा ठेवल्यावर 1/7 − 2/3 + 1 − 4/3 + 4 − 4 · (π/4), म्हणजे 22/7 − π. 0 आणि 1 च्या मध्ये मूळ फल धन आहे, म्हणून उत्तरही धन. शाळेत आपण π च्या जागी जी 22/7 वापरतो ती π पेक्षा मोठी आहे हे एका भागाकारातून सिद्ध झालं. बाकी −4 हीच π आणते, आणि भागाकार 22/7 आणतो. दोघांची कामं इतकी स्वच्छ वेगळी झालेली दुसऱ्या गणितात क्वचितच दिसतात.

माझा सल्ला: एका ओळीत सुचलं तर मिळवा-वजा करा. तिसऱ्यांदा काहीतरी मिळवायची वेळ आली तर सोडून द्या आणि भागाकार मांडा.

छेद अवयवांच्या रूपात दिलेला असेल तर कोटी कशी मोजायची?

प्रत्येक अवयवाच्या कोटीची बेरीज. (x + 1)² (x² + 4) ची कोटी 2 + 2 = 4. उघडून लिहायची गरज नाही, फक्त बेरीज करा. एका मुलीने x³/(x² + 1)² मध्ये 'वर 3, खाली 2' म्हणून भागायला घेतलं होतं. खाली 4 आहे, इथे भागायचं नाही.

छेदात एकच रेषीय अवयव घातात असेल तर त्याहून सोपी वाट आहे. x³/(x + 1)² मध्ये x + 1 = t ठेवा:

(t − 1)³ / t² = (t³ − 3t² + 3t − 1) / t² = t − 3 + 3/t − 1/t²

भागाकारही झाला आणि पार्शल फ्रॅक्शनही. इंटिग्रल t²/2 − 3t + 3 log|t| + 1/t + C, मग t च्या जागी x + 1. मघाचा खरा A म्हणजे 3, इथे आपोआप समोर आला.

संश्लेषक पद्धत चालेल का?

भाजक x − a असेल तर बिनधास्त. भाजक 2x − 3 सारखा असेल तर 3/2 घेऊन करा, पण आलेल्या भागाकाराला 2 ने भागा. बाकी तशीच राहते. (6x + 5)/(2x − 3) मध्ये 3/2 ने सहगुणक 6 आणि बाकी 14 येते, म्हणून भागाकार 6 नव्हे, 3. अपूर्णांक 3 + 14/(2x − 3), इंटिग्रल 3x + 7 log|2x − 3| + C. वर्गाचा छेद असेल तर लांबीचाच भागाकार करा.

सीईटीत ९० मिनिटांत ५० गणितं असतात. एवढं भागायला वेळ कुठे आहे?

छेदाचे अवयव वेगवेगळे आणि रेषीय असतील तर वेळ लागतच नाही. A, B थेट मुळं ठेवून काढा, कारण ते बरोबर येतात हे आपण पाहिलं, आणि भागाकार वेगळा मिळवा. कोटी समान असेल तर भागाकार म्हणजे पहिल्या सहगुणकांचं गुणोत्तर: (3x² + …)/(2x² + …) मध्ये तो 3/2, म्हणून उत्तरात 3x/2 हे पद हवंच. ज्या पर्यायात ते नाही तो पर्याय बाद. वरची कोटी एकाने जास्त असेल तर उत्तरात x² चं पद हवंच. पर्यायांवर नजर टाकून निम्मं काम तिथेच होतं. लेखी पेपरात मात्र हे करू नका, तिथे पायऱ्यांना मार्क आहेत.

बहुपदीच नसेल तर? √x किंवा eˣ असलेल्या गणितात कोटी कुठून आणू?

आधी आदेशन करा, मग कोटी मोजा. अंशाधिक अपूर्णांक कधीकधी आदेशनानंतरच उघडा पडतो. ∫ 1/(1 + √x) dx बघा. वर नुसता 1 आहे, भागायचा विचारही येत नाही. √x = t ठेवला की x = t², dx = 2t dt, आणि इंटिग्रल

∫ 2t/(1 + t) dt

आता वर खाली समान कोटी. 2t = 2(1 + t) − 2, म्हणून 2 − 2/(1 + t), आणि उत्तर 2√x − 2 log(1 + √x) + C. वाशीच्या एका मुलाने 2t/(1 + t) चं इंटिग्रल थेट 2 log(1 + t) लिहिलं होतं, 'वर t खाली t' कापून टाकल्यासारखं. t = 0 ठेवून बघा: मूळ फल 0, आणि त्याच्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह 2/(1 + t), म्हणजे 2.

eˣ चंही तसंच. ∫ e²ˣ/(eˣ + 1) dx मध्ये eˣ = t ठेवल्यावर dx = dt/t येतो, एक t कापला जातो आणि t/(t + 1) उरतो. म्हणजे 1 − 1/(t + 1), उत्तर eˣ − log(eˣ + 1) + C. dx बदलायच्या आधी कोटी मोजली तर वर 2 दिसते, नंतर 1. मोजणी नेहमी dx बदलून झाल्यावर.

भागाकार पूर्णपणे टाळणारी एखादी युक्ती आहे का?

नाही. वाट कोणतीही धरा, अंशाधिक अपूर्णांकाच्या उत्तरात बहुपदीचा भाग येणारच, कारण दिलेल्या अंश-छेदासाठी भागाकार आणि बाकी एकच असतात. x⁵/(x³ + 1) मध्ये x³ = t ठेवून सुटका होईल असं वाटतं, तर t/(t + 1) समोर येतो आणि पुन्हा भागावं लागतं.

मी भागून केलं, पुस्तकात दुसरंच उत्तर आहे. कोण चुकलं?

बहुतेक कोणीच नाही. x³/(x + 1)² चं उदाहरण घ्या. थेट भागलं तर x − 2 + 3/(x + 1) − 1/(x + 1)² येतं आणि उत्तराची सुरुवात x²/2 − 2x अशी होते. t ठेवून केलं तर सुरुवात (x + 1)²/2 − 3(x + 1) अशी. हे उघडलं की x²/2 − 2x − 5/2. फरक −5/2 चा, तो C मध्ये जातो. log|2x − 3| आणि log|x − 3/2| यांचंही तेच, दोघांत log 2 एवढाच फरक. दोन उत्तरं एकमेकांतून वजा करा. नुसता आकडा उरला तर दोन्ही बरोबर. x चं एखादं पद उरलं तर पहिल्यांदा भागाकाराची ओळ तपासा.